जिल्ह्याची सरासरी आणि मंडळाचा पाऊस

पावसाळ्यात रोज सकाळी बीड जिल्ह्यातल्या असंख्य फोनवर पावसाचा एक छोटा संदेश येतो. जिल्ह्यात काल सरासरी इतके मिलिमीटर पाऊस, अमुक तालुक्यात सर्वाधिक, आजवर एवढे टक्के. पूर्वी कुणीतरी वही उघडून, बेरीज करून हे लिहायचा. आता आकडे शीटमध्ये पडतात आणि सूत्र किंवा छोटा प्रोग्राम वाक्य तयार करून देतो. वाक्य वाचायला सोपे असते आणि दशांशापर्यंत आकडा दिलेला असल्याने खरे वाटते. त्यावर विसंबून कुणी पेरणीचा विचार करतो, कुणी पंचनाम्याची वाट पाहतो, कुणी बातमी लिहितो. म्हणून असा संदेश तयार करणाऱ्या प्रत्येकाने त्यातले गणित एकदा उलगडून पाहायला हवे. तुम्ही कृषी सहायक असा, वार्ताहर असा, शेतकरी गटाचे काम पाहणारे असा की ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक, हा लेख तुमच्यासाठी आहे.

पाऊस मोजला जातो महसूल मंडळात. मंडळांवरून तालुक्याची सरासरी निघते आणि तालुक्यांवरून जिल्ह्याची. घोळ होतो तो या दुसऱ्या पायरीवर. बीड जिल्ह्यात 11 तालुके आहेत, पण प्रत्येकातल्या मंडळांची संख्या सारखी नाही. अनेक वर्षे चाललेल्या 63 मंडळांच्या रचनेत एकट्या बीड तालुक्यात 11 मंडळे होती, गेवराईत 10, तर धारूर आणि शिरूर कासारमध्ये प्रत्येकी 3 आणि वडवणीत फक्त 2. मंडळांची फेररचना झाली की हे आकडे बदलतात, म्हणून काम करताना आजची यादी घ्या. तालुके लहानमोठे आहेत, ही गोष्ट मात्र बदलत नाही.

आता एक रात्र कल्पून बघू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, मंडळांची संख्या मात्र वर सांगितलेल्या रचनेतली आहे. समजा, वडवणी, धारूर, शिरूर कासार आणि पाटोदा या चार तालुक्यांत जोराचा पाऊस झाला आणि चौघांची सरासरी 60 मिलिमीटर आली. उरलेल्या सात तालुक्यांत सरासरी 10 मिलिमीटर पडला. संदेश तयार करणारे सूत्र अकरा तालुक्यांच्या अकरा सरासऱ्या घेते, म्हणजे 60 चार वेळा आणि 10 सात वेळा. बेरीज 310, भागिले 11, उत्तर 28.2. संदेश जातो: ‘जिल्ह्यात सरासरी 28.2 मि.मी. पाऊस.’

हाच हिशोब मंडळांवरून करा. त्या चार तालुक्यांत मिळून मंडळे किती? वडवणीची 2, धारूरची 3, शिरूरची 3, पाटोद्याची 4, एकूण 12. उरलेली 51 मंडळे बाकीच्या सात तालुक्यांत. बारा मंडळांना 60 धरले की 720 होतात, एक्कावन्न मंडळांना 10 धरले की 510. एकूण 1230, भागिले 63, उत्तर 19.5. पाऊस तोच, मापके तीच, नोंदी त्याच. पहिल्या हिशोबात वडवणीच्या दोन मंडळांना बीड तालुक्याच्या अकरा मंडळांइतके वजन मिळाले, एवढ्यामुळे जिल्ह्याचा पाऊस जवळपास नऊ मिलिमीटरने फुगला.

नऊ मिलिमीटर म्हणजे फार नाही असे वाटेल. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 10,693 चौरस किलोमीटर आहे. एवढ्या जमिनीवर 8.7 मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास 93 दशलक्ष घनमीटर पाणी. माजलगाव धरणाचा उपयुक्त साठा 312 दशलक्ष घनमीटर आहे, म्हणजे त्याच्या जवळजवळ तीस टक्के पाणी आपण फक्त भागाकाराच्या पद्धतीने कागदावर पाडले. आणि हे एका रात्रीचे झाले. लहान तालुक्यांत वारंवार जास्त किंवा वारंवार कमी पाऊस झाला, तर हंगामभर चूक एकाच दिशेने साचत जाते.

यावरचा उपाय सोपा आहे. जिल्ह्याचा आकडा तालुक्यांच्या सरासऱ्यांवरून काढूच नका, थेट मंडळांच्या रकान्यावरून काढा. शीटमध्ये A रकान्यात तालुका, B मध्ये मंडळ आणि C मध्ये पाऊस असेल, तर 63 ओळींसाठी एवढे पुरते:

```
=AVERAGE(C2:C64)
```

कधी कधी हाती मंडळांचे आकडे येतच नाहीत, फक्त तालुक्यांच्या सरासऱ्या येतात. तेव्हा शेजारच्या रकान्यात प्रत्येक तालुक्यातून किती मंडळांची नोंद आली ते लिहा आणि त्या संख्येने वजन द्या. F मध्ये सरासरी आणि G मध्ये मंडळांची संख्या असेल तर:

```
=SUMPRODUCT(F2:F12,G2:G12)/SUM(G2:G12)
```

तुमच्या शीटमध्ये किंवा प्रोग्राममध्ये कोणता हिशोब दडला आहे हे ओळखायचे असेल, तर वरचीच कल्पित रात्र त्यात भरून पाहा. उत्तर 19.5 आले तर ठीक. 28.2 आले तर सरासऱ्यांची सरासरी निघते आहे. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि ज्याने सूत्र लिहिले त्याला विचारत बसण्यापेक्षा भरवशाची आहे, कारण सूत्र लिहिणाऱ्यालाही आपण काय लिहिले ते बहुधा आठवत नसते.

19.5 हाही अंतिम सत्याचा आकडा नव्हे, हे इथेच सांगतो. मंडळेसुद्धा एकसारख्या आकाराची नसतात. भारतीय हवामान विभाग जिल्ह्याचा पाऊस काढताना त्यातल्या केंद्रांची साधी सरासरी घेतो, पण जिल्ह्यांवरून हवामान उपविभागाचा आकडा काढताना क्षेत्रफळाचे वजन देतो. किती पाणी पडले हा प्रश्न असेल तर क्षेत्रफळाचे वजन योग्य. किती शेतकऱ्यांवर परिणाम झाला हा प्रश्न असेल तर खातेदारांचे, आणि पिकाचा प्रश्न असेल तर पेरणी क्षेत्राचे. रोजच्या संदेशाला मंडळांची साधी सरासरी चालेल. फक्त ‘63 पैकी इतक्या मंडळांची सरासरी’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला आकडा कशाचा आहे ते कळते.

सरासऱ्यांची सरासरी दर वेळी एवढी फसवते असे नाही, आणि म्हणूनच ती सवयीची होते. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची साक्षरता पुरुषांत 85.55 टक्के आणि स्त्रियांत 67.82 टक्के होती. दोन्हींची साधी सरासरी 76.69 येते. जनगणनेचा जिल्ह्याचा आकडा 76.99 आहे. फरक फार तर तीन दशांशाचा, कारण पुरुष आणि स्त्रियांची संख्या जवळपास सारखी आहे. गटांचे आकार जवळजवळ सारखे असले की चूक लपते. 11 आणि 2 मंडळांच्या तालुक्यांना एकाच तागडीत टाकले की ती उघडी पडते. एका ठिकाणी उत्तर बरोबर आले म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

टक्केवारीचा प्रकार याहून वाईट आहे. ‘आजवर सामान्य पावसाच्या इतके टक्के’ हा आकडा प्रत्येक तालुक्यासाठी काढतात आणि मग त्या टक्केवाऱ्यांची सरासरी करून जिल्ह्याला लावतात. दोनच तालुके घेऊ, मंडळे सारखी धरू. आष्टी कमी पावसाचा पट्टा, अंबाजोगाई त्यामानाने जास्त पावसाचा. समजा, एखाद्या तारखेपर्यंत आष्टीचा सामान्य पाऊस 50 मिलिमीटर आणि पडला 100, म्हणजे 200 टक्के. अंबाजोगाईचा सामान्य 100 आणि पडला 50, म्हणजे 50 टक्के. टक्केवाऱ्यांची सरासरी 125. सूत्र लिहून मोकळे होते: ‘सामान्यपेक्षा 25 टक्के जास्त पाऊस.’ पण दोन्हीकडे मिळून अपेक्षित होते 150 आणि पडले 150, म्हणजे बरोबर शंभर टक्के. अंबाजोगाईच्या शेतकऱ्याच्या शेतात निम्माच पाऊस आहे आणि त्याच्या फोनवर जादा पावसाची खबर. टक्केवारी काढायची असेल तर आधी मिलिमीटरची बेरीज करा, सामान्य पावसाची बेरीज करा, आणि शेवटी एकदाच भागा. टक्केवारीवरून टक्केवारी कधीही काढू नका.

आता पूर्णांकाकडे वळू. दशांश काटून आकडा सुटसुटीत करण्यात एरवी काही वावगे नाही. पण पावसाच्या आकड्यांना उंबरे आहेत, आणि उंबऱ्याजवळ अर्ध्या मिलिमीटरला किंमत असते. आपल्याकडे महसूल यंत्रणा मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानते. हवामान विभागाचा जोरदार पावसाचा वर्ग 64.5 मिलिमीटरपासून सुरू होतो. म्हणजे दोन मापांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे अंतर, आणि नेमके हेच अंतर पूर्णांक करताना पुसले जाते.

समजा, एका मंडळाची नोंद 64.7 आहे. शीटमध्ये दशांश लपवलेला आहे, म्हणून पडद्यावर 65 दिसते. कुणीतरी संदेशात ‘65 मि.मी.’ लिहितो आणि गावात चर्चा सुरू होते की आपले मंडळ अतिवृष्टीत बसले. यादी येते तेव्हा त्यात नाव नसते. मग अन्याय झाल्याची भावना होते, तहसीलला चकरा सुरू होतात. उलटही घडते. 65.3 ची नोंद पूर्णांक करून 65 झाली आणि पुढच्या सूत्रात ‘65 पेक्षा जास्त’ अशी अट असली, तर ज्या मंडळाचे नाव यायला हवे ते यादीतून गळते. पहिल्या प्रकारात वाचकाची दिशाभूल, दुसऱ्यात मंडळाचे नुकसान.

शीटमध्ये दशांश लपवणे आणि दशांश काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्के लक्षात ठेवा. खान्याचे स्वरूप बदलून दशांश लपवला तर पडद्यावर 65 दिसते, पण आत 64.7 शाबूत असते आणि सूत्र तेच वापरते. त्यामुळे एकाच ओळीत ‘65’ आणि ‘अतिवृष्टी नाही’ असे शेजारी शेजारी दिसू शकते, आणि वाचणाऱ्याला सूत्रच चुकले असे वाटते. `ROUND` वापरले तर मात्र आतला आकडाच बदलतो आणि मूळ नोंद पुढच्या हिशोबासाठी संपते.

प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. अर्ध्यावर आलेला आकडा शीटमधले `ROUND` वर नेते, 64.5 चे 65 करते. पायथॉन भाषेतले `round` असे अर्धे आकडे जवळच्या सम संख्येकडे नेते:

```
>>> round(64.5)
64
>>> round(65.5)
66
```

दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण कार्यालयातली शीट 65 म्हणते आणि तुमचा संदेश 64, असे झाले तर लोक तुम्हालाच खोटे ठरवतील. यावर उपाय एकच: उंबऱ्याची तपासणी नेहमी मूळ, दशांशासकट नोंदीवर करा आणि पूर्णांक फक्त छापताना करा. अतिवृष्टीची मंडळे मोजायला हे सूत्र घ्या:

```
=COUNTIF(C2:C64,">65")
```

इथे `>` आणि `>=` यातला फरकही महत्त्वाचा आहे. ज्या आदेशाच्या आधारे तुम्ही यादी करता त्यात ‘65 पेक्षा जास्त’ आहे की ‘65 किंवा अधिक’, हे स्वतः वाचा आणि त्याप्रमाणे चिन्ह लावा. ऐकीव माहितीवर चिन्ह ठरवू नका. आणि उंबऱ्याच्या आसपासच्या मंडळांचा पाऊस संदेशातही दशांशासकट द्या. 64.7 असे लिहिलेले दिसले की वाद तिथेच मिटतो.

पूर्णांकाचा दुसरा तोटा हळूहळू साचतो. रोजची नोंद आधी पूर्ण केली आणि मग हंगामाची बेरीज केली, तर 0.4 मिलिमीटरची भुरभुर रोज शून्य होते. अशा तीस दिवसांचे 12 मिलिमीटर बेरजेतून गायब होतात. एखाद्या मंडळात रोज 0.6 ची नोंद असेल तर तीच बेरीज 18 ऐवजी 30 होते. बेरीज मूळ आकड्यांची करायची आणि शेवटचे उत्तर तेवढे सुटसुटीत करायचे, हा क्रम कधी उलटवू नका. टक्केवारीतही हेच. हवामान विभागाच्या वर्गवारीत उणे 19 टक्क्यांपर्यंतचा पाऊस सामान्य आणि उणे 20 पासून तुटीचा. उणे 19.6 पूर्णांकात उणे 20 होतो आणि ‘तूट’ हा शब्द मथळ्यात चढतो. अशा वेळी वर्गाच्या नावाशेजारी टक्केवारी आणि प्रत्यक्ष मिलिमीटर दोन्ही द्या.

नोंद न आलेल्या मंडळाचे काय करायचे, यावर मी थोडा जास्त आग्रह धरणार आहे, कारण स्वयंचलित संदेशात सर्वांत सहज घडणारी चूक हीच आहे. यंत्र बंद पडते, नेटवर्क नसते, नोंद उशिरा येते. वडवणीच्या दोन मंडळांपैकी एकात 85 मिलिमीटर नोंदला गेला आणि दुसऱ्याची नोंदच आली नाही, असे धरा. खाना रिकामा असेल तर `AVERAGE` तो वगळते आणि तालुक्याची सरासरी 85 दाखवते. कुणी तिथे 0 टाकला, किंवा आकडे आणणाऱ्या प्रोग्रामने रिकाम्या जागी आपोआप 0 भरला, तर सरासरी 42.5 होते. दुसऱ्या मंडळात काय झाले हे दोन्ही वेळा आपल्याला ठाऊक नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, आणि रिकामे म्हणजे माहिती नाही. हे दोन एक झाले तर पुढचे सगळे गणित खोटे पडते.

म्हणून नोंदींची संख्या वेगळी मोजा (`=COUNT(C2:C64)`) आणि ती संदेशात छापा: ‘63 पैकी 58 मंडळांच्या नोंदी.’ वजनाच्या सूत्रातही तालुक्यात एकूण मंडळे किती ते न धरता त्या दिवशी नोंद आलेली मंडळे किती ते धरा. तालुक्यातल्या निम्म्या किंवा त्याहून कमी मंडळांची नोंद असेल तर त्या तालुक्याची सरासरी छापूच नका, सरळ ‘नोंद अपुरी’ लिहा. निम्मे ही मर्यादा माझी आहे, तुम्ही वेगळी ठरवू शकता. पण एक मर्यादा ठरवा आणि वर्षभर तीच पाळा.

शेवटचा मुद्दा असा, की हिशोब अगदी बरोबर असला तरी नुसती सरासरी सांगणे पुरेसे नाही. गोदावरीकाठच्या गंगथडीत ढगफुटीसारखा पाऊस आणि त्याच रात्री बालाघाटाच्या माथ्यावर चांदणे, हे बीडला नवीन नाही. पंचनाम्याचा प्रश्न मंडळाच्या पातळीवर ठरतो आणि प्रमुख पिकांसाठी पीकविम्याचा घटकही महसूल मंडळच असतो. तालुक्याची सरासरी 40 आहे म्हणून तिथे अतिवृष्टी झालीच नाही असे म्हणता येत नाही, कारण पाच मंडळांत 110, 45, 20, 15 आणि 10 असा पाऊस झाला तरी सरासरी 40 च येते. उंबऱ्याचा प्रश्न सरासरीला विचारला की उत्तर चुकणारच. तो प्रत्येक मंडळाला वेगवेगळा विचारावा लागतो आणि मग होकार मोजावे लागतात. तुमच्या प्रोग्राममध्ये सरासरी 65 च्या खाली असली की ‘अतिवृष्टी नाही’ असे वाक्य छापण्याची सोय असेल, तर ती आजच काढून टाका.

त्याऐवजी वाक्य असे तयार व्हावे: ‘63 पैकी 58 मंडळांच्या नोंदी. या 58 मंडळांची सरासरी 19.8 मि.मी. 3 मंडळांत 65 मि.मी.पेक्षा जास्त. सर्वाधिक 110.0, सर्वांत कमी 0.0. 5 मंडळांची नोंद आलेली नाही.’ संदेश दोन ओळींनी वाढतो, पण वाचणाऱ्याला आपले मंडळ कुठे असू शकते याचा अंदाज येतो. त्याखाली 65 ओलांडलेल्या मंडळांची नावे द्या आणि नोंद न आलेल्या मंडळांचीही द्या. ज्या गावाच्या मंडळाची नोंद आली नाही, त्या गावाला हे त्याच दिवशी कळले तर तलाठ्याकडे आणि तहसीलला वेळेत विचारणा करता येते. महिन्याभराने कळले तर नोंद मागण्याशिवाय हाती काही उरत नाही.

पुढचा पाऊस येण्याआधी आपली शीट उघडा, कल्पित रात्रीचे आकडे भरा, एका मंडळात 64.7 टाका, एक खाना रिकामा ठेवा आणि संदेश काय निघतो ते वाचा. त्यात 64.7 च्या जागी 65 दिसले, रिकाम्या मंडळाचा उल्लेख नसला किंवा सरासरी 28 च्या आसपास आली, तर तो संदेश दुरुस्त होईपर्यंत कुणालाही पाठवू नका.